आजोबांवर ओरडल्यानंतर माफीचे पत्र कसे लिहावे

नातेवाईक जमलेले असताना किशोरवयातील मुलाचा किंवा मुलीचा आजी-आजोबांवर आवाज चढतो, आणि घरी परतल्यावर आपण काय बोललो ते आठवून जेवण गोड लागत नाही. अशा वेळी पत्र लिहायला बसले की प्रेम व्यक्त करणारी वाक्ये भराभर सुचतात, पण ज्या शब्दांनी दुखावले ते शब्द कागदावर उतरत नाहीत. म्हणून सुरुवात तिथूनच करावी.

एक उदाहरण घेऊ. १६ वर्षांची नात परीक्षेविषयी सांगत होती. आजोबांनी तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला तेव्हा ती काका-काकूंसमोर ओरडली, "किती वेळा सांगायचं? तुम्हाला काही कळतच नाही!" मग तिने खोलीत जाऊन दार आपटले आणि निघताना आजोबांचा निरोपही घेतला नाही.

पत्र लिहिण्याआधी तिने एका कच्च्या कागदावर घडले तेवढेच लिहावे: काय म्हणाले, कोणासमोर म्हणाले, नंतर काय केले. इथे बहुतेकांच्या लक्षात येते की चुका एकाहून अधिक आहेत. ओरडणे ही एक, ते सगळ्यांसमोर करणे ही दुसरी आणि न भेटता निघून जाणे ही तिसरी. माझ्या मते आजोबांना तिसरी सर्वांत जास्त लागली असण्याची शक्यता आहे, आणि पत्रातून नेमकी तीच सुटते.

मायना घरातल्या सवयीप्रमाणे असावा. एरवी ज्याला आपण नुसते 'आजोबा' म्हणतो, त्याला अचानक 'तीर्थरूप' लिहिले तर पत्र शाळेच्या वहीतले वाटते. ज्या घरात तसे लिहिण्याची पद्धत आहे, तिथे मात्र तेच शोभते. मायन्यानंतर खुशाली विचारण्यात अर्धे पान घालवू नये आणि पहिल्याच परिच्छेदात मुद्द्यावर यावे:

"रविवारी दुपारी मी सगळ्यांसमोर तुमच्यावर ओरडले आणि 'तुम्हाला काही कळतच नाही' असे म्हणाले. नंतर दार आपटले आणि तुम्हाला न भेटता निघून आले. हे तिन्ही मी चुकीचे वागले. मला माफ करा."

या वाक्यांतला 'मी' जपावा. मराठीत 'माझ्याकडून बोलले गेले' किंवा 'तोंडातून निघून गेले' असे सहज लिहिता येते, आणि तसे लिहिले की जणू शब्द आपले आपणच बाहेर पडले असे होते. 'तुम्हाला वाईट वाटले असेल तर' ही रचनाही टाळावी, कारण त्यातल्या 'तर'मुळे वाईट वाटले की नाही हे ठरवण्याचे काम आजोबांवर पडते. मसुदा पूर्ण झाल्यावर तो मोठ्याने वाचून 'पण' हा शब्द शोधावा; माफीच्या वाक्यानंतर तो आला असेल तर त्याच्या पुढचे बहुधा समर्थनच असते.

कारण सांगायचेच असेल तर ते एका वाक्यात आणि स्वतःपुरते सांगावे: "परीक्षेच्या निकालाची मला धास्ती होती आणि तो राग मी तुमच्यावर काढला." "तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून माझी चिडचिड झाली" हे वाक्य खरे असले तरी पत्रात येऊ नये, कारण त्यामुळे आजोबांच्या वयाची अडचण हाच त्यांचा दोष ठरतो.

यानंतर पुढे काय करणार ते लिहावे. "पुन्हा कधीच रागावणार नाही" हे कोणालाही पाळता येत नाही. "यापुढे तुम्ही काही विचारलेत की मी तुमच्या शेजारी बसून सावकाश सांगेन" हे पाळता येते आणि आजोबांना दिसतेही. चूक चारचौघांत झाली होती, म्हणून काका-काकूंपाशीही ती कबूल करण्याची तयारी दाखवावी, मात्र आधी विचारावे: "तुमची हरकत नसेल तर मी त्यांनाही फोन करून सांगेन." काही वडीलधाऱ्यांना तो विषय पुन्हा निघालेला नको असतो.

पत्र स्वतःच्या हाताने, ठळक शाईत, मोठ्या अक्षरात आणि ओळींमध्ये मोकळी जागा सोडून लिहावे, म्हणजे आजोबांना ते दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यावे लागणार नाही. एक पान पुरते. आईने सांगितलेली वाक्ये त्यात घालू नयेत. आजोबा आपल्या लेकीची किंवा सुनेची भाषा चटकन ओळखतात.

पत्र शक्यतो आठवड्याच्या आत पोहोचेल असे पाहावे. त्यात उत्तर मागू नये आणि "पोहोचले का?" म्हणून रोज फोनही करू नये. आजोबांनी पुढच्या भेटीत पत्राचा विषयच काढला नाही, तर आपणही तो उकरू नये. त्यांच्या शेजारी जाऊन बसावे आणि त्यांनी तोच प्रश्न चौथ्यांदा विचारला तरी सावकाश उत्तर द्यावे.