मेसेज गायब झाल्यावर तक्रारदार करतात त्या चुका

धमकीचे मेसेज आले, समोरच्याने ते पुसले, आणि तक्रारदार माझ्याकडे येतो तोवर फोनवर चार प्रयोग झालेले असतात. वकिलांसाठी फोनमधले पुरावे लावून देण्याचं काम मी करतो. मेसेज पुसल्याने जेवढं नुकसान होतं, त्याहून जास्त या प्रयोगांनी होतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे व्हॉट्सॲप काढून पुन्हा टाकणं. एका बाईंना जुन्या सहकाऱ्याने मंगळवारी रात्री धमक्या दिल्या. त्याने आधीच त्या चॅटला 24 तासांचा टायमर लावला होता, त्यामुळे बुधवारी रात्री मेसेज गेले. पण मंगळवारच्या मध्यरात्रीनंतर त्यांच्या अँड्रॉइड फोनने नेहमीप्रमाणे बॅकअप घेतला होता आणि त्यात ते मेसेज होते. भाच्याने सांगितलं, "मावशी, ॲप काढून रिस्टोअर कर, सगळं परत येतं." तिथेच घात झाला. टायमरचे मेसेज बॅकअपमध्ये असले तरी रिस्टोअर करताना व्हॉट्सॲप ते काढून टाकतं. त्या रात्री नवा बॅकअप झाला आणि गुगल अकाउंटवरच्या जुन्याची जागा त्याने घेतली.

ॲपला हात लावण्याआधी बॅकअप बाजूला काढायचा असतो. मी आधी गुगल अकाउंटवरचा ऑटो बॅकअप बंद करतो, मग फोन केबलने कॉम्प्युटरला जोडून `Android/media/com.whatsapp/WhatsApp` मधलं `Databases` हे फोल्डर जसंच्या तसं कॉपी करतो. तिथे साधारण गेल्या सात दिवसांच्या फाइली असतात, म्हणून आठवडाभर वाट पाहू नका. फाइली एन्क्रिप्टेड असतात आणि उघडणं प्रयोगशाळेचं काम आहे, तुम्ही उघडायच्या भानगडीत पडू नका. विंडोजवर कॉपीचा हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा ओळखीचा आकडा, लगेच काढून तारीख-वेळेसह लिहून ठेवा (फाइलचं नाव तुमच्याकडे असेल ते):

```
certutil -hashfile msgstore.db.crypt15 SHA256
```

फाइलमधलं एक अक्षर बदललं तरी हा आकडा बदलतो, त्यामुळे नंतर कुणी छेडछाड झाल्याचं म्हटलं तर ताडून पाहता येतं. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालच्या प्रमाणपत्रातही हॅश लिहावा लागतो. त्याचा पहिला भाग फोन ज्याच्या ताब्यात आहे तो भरतो, दुसरा तज्ज्ञ.

'डिलीटेड मेसेज रिकव्हरी' नावाची ॲप टाकू नका. पुसलेल्या नोंदीचे अवशेष कधीकधी डेटाबेसमध्ये उरतात, पण त्यांच्यावर नवं काही लिहिलं गेलं की तेही जातात. शिवाय ॲप टाकल्यावर फोनमध्ये कुणी काय केलं याचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं.

मग त्या बाईंकडे काय उरलं? बरंच. चॅटमध्ये टायमर त्याने लावल्याची ओळ, त्याच्या नावासह, अजून होती. त्याच रात्री त्यांनी दोन मेसेज बहिणीला फॉरवर्ड केले होते. बहिणीच्या चॅटला टायमर नसल्याने ते तिथे राहिले. फॉरवर्डवर मूळ पाठवणाऱ्याचं नाव नसतं, म्हणून तेवढ्यावर भागत नाही. पण फॉरवर्डच्या आधी दहा मिनिटांत त्याचे तीन कॉल येऊन गेले होते, आणि त्यानंतर बहिणीशी झालेलं बोलणंही होतं. वेळा एकाखाली एक लिहिल्यावर घटनाक्रम उभा राहिला. ॲप पुन्हा टाकल्याचं आम्ही तक्रारीत स्वतःहून लिहिलं. उलटतपासणीत ते बाहेर येण्यापेक्षा हे कितीतरी बरं. त्याचा फोन जप्त करून तपासण्याची विनंतीही केली, कारण त्याच्याकडेही बॅकअप असू शकतो. पोचलेले मेसेज व्हॉट्सॲप आपल्या सर्व्हरवर ठेवत नाही, त्यामुळे मजकूर कंपनीकडून मिळेल ही आशा धरू नका.

दुसरी चूक कापलेले स्क्रीनशॉट. वर फक्त नाव दिसतं, आणि नाव तर कोणताही नंबर कोणत्याही नावाने सेव्ह करता येतो. मी दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्याने सलग व्हिडिओ काढायला सांगतो: चॅटची यादी, ती चॅट, त्यातून संपर्काच्या पानावरचा पूर्ण नंबर, मग परत येऊन तारखा दिसतील अशा बेताने हळू स्क्रोल. 'हा मेसेज डिलीट केला गेला' असं दिसणाऱ्या जागाही वगळू नका. कुणीतरी काहीतरी पाठवून पुसलं आणि केव्हा पाठवलं होतं, हे त्यांतून कळतं. मूळ फाइल व्हॉट्सॲपवर फोटो किंवा व्हिडिओ म्हणून पाठवू नका, ती दाबून लहान होते आणि हॅशही बदलतो.

आपल्याच शिव्या पुसणं ही मला सर्वात जास्त चीड आणणारी घाई. समोरच्याकडे तुमचा स्क्रीनशॉट असतोच.

आठवून मेसेज पुन्हा टाइप करून त्याचा 'स्क्रीनशॉट' बनवू नका. आठवतं ते जबाबात, 'आठवणीप्रमाणे' असं म्हणून सांगा.

आणि प्रकरण संपेपर्यंत तो फोन विकू, बदलू किंवा रिसेट करू नका.