शक्ती योजना आणि फरकातला फरक: सीमाभागातल्या प्रबंधात या चुका टाळा

बेळगावातल्या विद्यार्थ्यांच्या पद्धतीच्या प्रकरणात एक वाक्य हमखास सापडतं: "खानापूर तालुक्यात शक्ती योजना लागू झाली, शेजारच्या चंदगडमध्ये नाही, म्हणून चंदगड हा तुलनागट." शक्ती म्हणजे कर्नाटकच्या सरकारी बसमध्ये बायकांना फुकट प्रवास; खानापूर कर्नाटकात, चंदगड महाराष्ट्रात. भाषा तीच, बाजार तोच, सोयरीकसुद्धा तीच. जोडी उत्तम आहे. गफलत होते ती "नाही" या शब्दात.

आधी हिशोब पाहू. पुढचे आकडे फक्त समजावण्यापुरते आहेत. समजा, फेब्रुवारी 2023 आणि फेब्रुवारी 2024 अशा दोन वेळा पाहणी केली. खानापूरकडच्या बाईच्या आठवड्यातल्या बसफेऱ्या सरासरी 2.1 वरून 3.4 झाल्या, म्हणजे 1.3 ने वाढल्या. चंदगडकडे त्या 2.0 वरून 2.6 झाल्या, वाढ 0.6. फरकातला फरक 0.7. "शक्तीमुळे फेऱ्या 1.3 ने वाढल्या" असं लिहिलंत, तर चंदगडला केलेली पायपीट फुकट गेली.

पण 0.7 म्हणजे तरी काय? कर्नाटकात शक्ती सुरू झाली 11 जून 2023 ला. त्याआधीच, 17 मार्च 2023 पासून, महाराष्ट्रात एसटीने महिलांना अर्धं तिकीट केलं होतं. दोन्ही तारखा आपल्या दोन पाहण्यांच्या मधोमध पडतात. म्हणजे चंदगडची 0.6 वाढ ही काही "योजना नसती तर काय झालं असतं" याचं उत्तर नाही, तिच्यात अर्ध्या तिकिटाचाही वाटा आहे. तेव्हा 0.7 हा "फुकट विरुद्ध अर्धं" असा फरक झाला, "फुकट विरुद्ध पूर्ण" असा नव्हे. निष्कर्षात तसंच लिहा. प्रश्न थोडा आक्रसतो, पण उत्तर खरं राहतं.

यावर काही जण "आधीची" पाहणी एप्रिल-मे 2023 वर आणतात, म्हणजे अर्धं तिकीट दोन्ही वेळी सारखंच. युक्ती बरी आहे, पण एक अट मानावी लागते: अर्ध्या तिकिटाचा परिणाम तोवर पुरता स्थिरावला होता. महिना-दीड महिन्यात बायकांच्या सवयी बदलून संपल्या, हे मला पटत नाही. शिवाय मे महिना लग्नसराईचा, सुट्टीचा. त्याची तुलना पुढच्या मेशीच करायला हवी, फेब्रुवारीशी नाही.

दुसरी गाठ आपल्याच बाजूला आहे. ऑगस्ट 2023 अखेर कर्नाटकात गृहलक्ष्मी योजना सुरू झाली, कुटुंबप्रमुख बाईला महिन्याला 2000 रुपये. फेब्रुवारी 2024 मध्ये खानापूरची बाई संकेश्वरला माहेरी गेली, तर ती झिरो तिकिटामुळे की हातात पैसे आले म्हणून? या रचनेतून ते सुटं करता येत नाही. मग शीर्षकात "शक्तीचा परिणाम" न लिहिता दोन्ही योजनांची नावं घ्यावीत, हे बरं.

समांतर कल, म्हणजे योजनेआधी दोन्हीकडच्या फेऱ्या सारख्याच वेगाने बदलत होत्या, हे दाखवायला जुनी आकडेवारी जोडताना आणखी एक खड्डा लागतो. 2021 च्या ऑक्टोबरअखेरपासून 2022 च्या एप्रिलपर्यंत महाराष्ट्रात एसटीचा संप होता. जानेवारी 2022 चा बिंदू घेतला, तर चंदगडची रेघ खाली कोसळलेली दिसते आणि नंतरची "वाढ" म्हणजे निव्वळ संप मिटणं असतं. तो काळ आलेखात दाखवा, खाली कारण लिहा आणि कल तपासताना बाजूला ठेवा.

मॉडेल त्या मानाने सोपं आहे; यात फक्त बायकांच्या नोंदी, `kar` कर्नाटकासाठी 1 आणि `post` नंतरच्या पाहणीसाठी 1:

```r
library(fixest)
feols(trips ~ kar:post | village + round,
      data = d, cluster = ~village)
```

`kar:post` चा सहगुणक म्हणजे आपला 0.7. इथे गावानुसार क्लस्टर केल्यावर सार्थकतेचे तारे छान चमकतात आणि विद्यार्थी खूश होतो. पण निर्णय गावाने घेतलेला नाही, राज्याने घेतला आहे, आणि राज्यं दोनच. एका राज्यात काही वेगळं घडलं तर त्याची अनिश्चितता या प्रमाण त्रुटीत येतच नाही. गावं वाढवूनही ती भरून निघत नाही. हे मर्यादांमध्ये स्पष्ट लिहा.

त्यावर मला आवडणारी तपासणी पुरुषांची. दोन्हीकडे कामाच्या वयाचा पुरुष पूर्ण भाडं देतो, त्यामुळे त्यांच्या फेऱ्यांतला फरकातला फरक शून्याजवळ यायला हवा. समजा खानापूरकडे त्या 3.0 वरून 3.3 आणि चंदगडकडे 3.1 वरून 3.2 झाल्या, तर 0.2 उरतो. म्हणजे शक्तीशिवायही काहीतरी खानापूरच्या बाजूने झुकलं होतं, उदाहरणार्थ नव्या फेऱ्या सुरू झाल्या असतील. तो वजा केला की 0.5. मात्र इथेही जरा थांबा. झिरो तिकिटानंतर बस गच्च भरते म्हणून खानापूरच्या बाप्यांनी दुचाकी काढली असेल, तर त्यांच्या फेऱ्या योजनेमुळेच कमी झाल्या आणि तो 0.5 फुगलेला आहे. म्हणून प्रश्नावलीत पुरुषांना एक प्रश्न टाका: गेल्या आठवड्यात बस सोडून दुचाकीने किती वेळा गेलात, आणि का?