डोमेन दुकानाच्या नावावर, वेबसाइटवाल्याच्या नाही

डोमेन म्हणजे वेबसाइटचा आणि मेलचा पत्ता. त्याचे नाव निवडताना ते फोनवरून एकदा सांगून पाहा. ‘लक्ष्मी मसाले’चे laxmi लिहायचे की lakshmi, असा प्रश्न समोरच्याला पडत असेल, तर ग्राहकांच्या मेल भलतीकडे जातील. परवडत असेल तर दोन्ही स्पेलिंग घ्या.

खरी अडचण मालकीची असते. वेबसाइट करणारा बहुतेकदा स्वतःच्या खात्यातून डोमेन घेतो. बिल तुम्ही भरले तरी नोंदीत ‘रजिस्ट्रंट’ म्हणून ज्याचे नाव, त्याचाच ताबा. म्हणून डोमेन विकणाऱ्या कंपनीकडे, म्हणजे रजिस्ट्रारकडे, खाते स्वतः उघडा, मोबाइल नंबर आणि कार्ड स्वतःचे द्या, आणि वेबसाइटवाल्याला फक्त डीएनएस, म्हणजे डोमेन कोणत्या सर्व्हरकडे जाते ती नोंद, बदलण्यापुरता प्रवेश द्या.

त्या खात्याला info@ हा नवा व्यावसायिक पत्ता मात्र कधीही जोडू नका. डोमेनची मुदत संपली की त्यावरची मेलही बंद पडते, मग नूतनीकरणाची सूचना आणि पासवर्ड बदलण्याची लिंक दोन्ही पोहोचत नाहीत. तिथे वेगळा जीमेल पत्ता ठेवा.

‘ऑटो-रिन्यू’ चालू असले तरी कार्डाची मुदत संपल्यास पैसे कापले जात नाहीत. मुदतीच्या महिनाभर आधी स्वतः तपासा. .com उशिरा सोडवता येते, पण ‘रिडेम्प्शन’च्या, म्हणजे रद्द झालेले डोमेन परत मिळवण्याच्या, ३० दिवसांत नेहमीच्या शुल्कावर मोठा दंड पडतो.