पत्रा उडून गाडीवर पडला, तर विम्यासाठी फोटो कसे काढायचे

मे महिन्यात सोलापूरला दिवसभर भट्टी पेटल्यासारखं ऊन असतं. मग चार-पाचच्या सुमारास एकाएकी आभाळ काळवंडतं आणि वारं सुटतं. वळवाच्या अशाच एका संध्याकाळी जुळे सोलापुरातल्या एका रो-हाऊसच्या गच्चीवरची शेड उचकटली. एक पत्रा खाली उभ्या असलेल्या पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवर आपटला. दुसरा गच्चीतच उलटून पाण्याच्या टाकीवर गेला. टाकी फुटली आणि पाणी जिन्यावरून वरच्या खोलीत शिरलं. घरातल्या ताई ओळखीच्या. विम्याच्या दाव्यांचे सर्व्हे करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत हे त्यांना माहीत होतं, म्हणून त्यांचा फोन आला, "दादा, पत्रा गाडीवरून काढून ठेवू का? गाडी अजून खराब होईल."

मी म्हटलं, "ताई, पाच मिनिटं थांबा. आधी पत्रा जिथे पडलाय तिथेच त्याचा फोटो."

पत्रा उचलला की बॉनेटवर उरतो तो फक्त एक पोचा. तो पत्र्याने पडला, दुसऱ्या गाडीने मागे घेताना ठोकून पडला की मागच्या वर्षीचाच आहे, हे पोचा सांगत नाही. पत्रा, बॉनेट आणि वर उघडी पडलेली शेड एका फोटोत आली, तर मात्र काय घडलं ते सर्व्हेअरला न विचारता कळतं.

फोटोआधी दोन गोष्टी बघा. वीजवाहिनी तुटून लोंबत असेल, तर त्या बाजूला अजिबात जाऊ नका. महावितरणला कळवा आणि खोलीत पाणी असेल तर घराचा मेन स्विच बंद करा. दुसरी गोष्ट मोबाइलच्या सेटिंगची. तारीख-वेळ नेटवर्कवरून आपोआप घेण्याची सोय चालू आहे ना, आणि कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी दिली आहे ना, हे तपासा. हे दोन्ही चालू असलं की प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये वेळ आणि जागा आपोआप नोंदली जाते.

लांबून, मधून, जवळून

लोक सगळ्यात जास्त चुकतात ते इथे. घाबरलेला माणूस नुकसानाच्या अगदी जवळ जातो आणि तिथूनच वीस फोटो काढतो. त्या वीस फोटोंत पांढऱ्या रंगावर एक खड्डा दिसतो, पण ती गाडी कोणाची हे एकाही फोटोत दिसत नाही. म्हणून प्रत्येक नुकसानाचे तीन फोटो काढा. पहिला लांबून, ज्यात घर, गल्ली आणि गाडी एकत्र दिसतील. दुसरा मधल्या अंतरावरून, ज्यात बॉनेट आणि नंबर प्लेट दोन्ही येतील. तिसरा जवळून, फक्त पोच्याचा. मधला फोटो सर्वांत महत्त्वाचा, कारण जवळचा फोटो कुठल्या गाडीचा आहे हे तोच सांगतो.

ताईंनी आधी गेटबाहेर रस्त्यावर उभं राहून फोटो घेतला. त्यात गल्लीत पडलेल्या कडुलिंबाच्या फांद्याही आल्या. वादळ झालं होतं याचा तो आयता पुरावा ठरला. मग गाडीच्या चारही कोपऱ्यांवरून तिरके चार फोटो. कोपऱ्यावरून घेतलेल्या फोटोत गाडीच्या दोन बाजू येतात, त्यामुळे चार फोटोंत संपूर्ण गाडी होते. नुकसान नसलेली बाजूही घ्यायचीच. पुढे "मागचा दरवाजाही तेव्हाच चेपला का?" असा प्रश्न आला, तर उत्तर तिथे तयार असतं. शेवटी चावी फिरवून किलोमीटरचा आकडा आणि बॉडीवर ठोकलेला चॅसिस नंबर.

फोटो एकपट झूमवर घ्या. `0.5x`वर जवळून काढलेल्या फोटोत कडा ताणल्या जातात आणि छोटा पोचा मोठा दिसतो. मुद्दाम तसं केलंय असा संशय यायला तेवढं पुरतं. फ्रेममध्ये मावत नसेल तर चार पावलं मागे सरका.

पोचा दिसत का नाही

रंगलेल्या पत्र्यावरचा पोचा समोरून फोटो काढला की चक्क गायब होतो. पांढऱ्या गाडीवर तर हमखास. पोचा म्हणजे पृष्ठभागाची वाकलेली जागा, आणि ती दिसते सावलीमुळे किंवा प्रतिबिंब मोडल्यामुळे. म्हणून फ्लॅश बंद करा, खाली वाका आणि बॉनेटला जवळजवळ लागून तिरकं बघा. गेटच्या जाळीची किंवा विजेच्या तारेची सरळ रेघ बॉनेटमध्ये उमटलेली दिसेल. जिथे ती रेघ वाकडी होते, तिथे पोचा आहे. तो क्षण टिपा.

त्या दिवशी पाऊस थांबेपर्यंत साडेसहा झाले होते. लाइट गेली होती आणि अंधारून आलं होतं. मिळेल त्या उजेडात पत्रा जागेवर असतानाचे फोटो झाले, मग पत्रा उतरवला. पोच्याचे नीट फोटो दुसऱ्या दिवशी सकाळी सातला घेतले, कारण तेव्हाचं ऊन तिरकं असतं आणि सावल्या लांब पडतात. दुपारच्या उन्हात तेच बॉनेट नुसतं चकाकतं. दोन वेगळ्या वेळांचे फोटो असणं ही अडचण नाही. फक्त दाव्याच्या अर्जात "घटना संध्याकाळी, जवळचे फोटो दुसऱ्या सकाळी" असं स्पष्ट लिहा.

मोजमाप

मापाशिवाय जवळचा फोटो अर्धाच. घरातली स्टीलची टेप किंवा पट्टी चालेल. काहीच नसेल तर 10 रुपयांचं नाणं ठेवा, त्याचा व्यास 27 मिलिमीटर असतो. माप नुकसानाच्या बाजूला आणि त्याच पातळीवर टेकलेलं हवं. टेप हातात धरून कॅमेऱ्याजवळ आणली तर ती मोठी दिसते आणि नुकसान लहान. मापाचा फोटो तिरका घेऊ नका, बरोबर समोरून घ्या. म्हणजे एकाच जागेचे दोन फोटो होतात, पोचा दिसावा म्हणून तिरका आणि माप कळावं म्हणून सरळ. आणि मापाशिवायचाही एक असू द्या, टेपखाली काही झाकलं नाही हे दिसायला.

ताईंच्या बॉनेटवर एका ओळीत तीन खुणा होत्या. टेप लावली तर दोन खुणांमधलं अंतर भरलं 3 इंच. मग तीच टेप पडलेल्या पत्र्याच्या कडेवर ठेवली. नालीदार पत्र्याच्या दोन उंचवट्यांमधलं अंतरही 3 इंचच होतं. पत्र्याच्या कडेला पांढरा रंग खरवडून लागलेला होता, त्याचाही फोटो घेतला. हे तीन फोटो शेजारी ठेवले की खुणा कशाच्या, हा प्रश्नच उरत नाही.

नवं की जुनं

घराचा विमा वादळाने झालेलं नुकसान देतो, गंजून झिजलेल्या वस्तूचं नाही. त्यामुळे पत्रे उडाले की सर्व्हेअर आधी बोल्टची भोकं बघतो. चांगला पत्रा वाऱ्याने ओढला गेला असेल तर भोक फाटून लांबट होतं आणि फाटलेली कड आतून चकचकीत दिसते. गंजलेल्या भोकाची कड तपकिरी असते, आणि बोटाने भुगा पडतो. ही चकाकी फार दिवस टिकत नाही. पावसाळी हवेत उघडं पडलेलं लोखंड लवकर तांबूस होतं, म्हणून हे फोटो पहिल्या दिवशीच झाले पाहिजेत. चार-पाच भोकांचे, टेपसह आणि अँगलवर अडकून राहिलेल्या हुकांसह.

जुनं नुकसान लपवू नका. ताईंच्या मागच्या बंपरवर पार्किंगमधला एक जुना ओरखडा होता. त्याचा वेगळा फोटो काढून "हा आधीचा, दाव्यात नाही" असं लिहिलं. सर्व्हेअरला तो स्वतः सापडला असता, तर बॉनेटकडेही त्याने संशयाने पाहिलं असतं.

खोलीत पाणी शिरलं असेल तर भिंतीवर ओल कुठवर चढली तिथे पेन्सिलने रेघ मारा आणि फरशीपासून टेप उभी लावून फोटो घ्या. ओल वाळते, रेघ राहते. भिजलेल्या टीव्हीचा आधी जागेवरचा फोटो, मग मागच्या स्टिकरवरच्या मॉडेल आणि सीरियल नंबरचा. हे सगळं झाल्यावर उघड्या शेडवर ताडपत्री टाका. नुकसान आणखी वाढू न देणं ही विमाधारकाचीही जबाबदारी असते. ताडपत्रीची पावती ठेवा आणि ती टाकल्यानंतरचाही एक फोटो घ्या.

इथे पॉलिसी दोन होत्या, गाडीची आणि घराची, त्यामुळे दावेही दोन. गाडीला नुसता थर्ड पार्टी विमा असता तर बॉनेटचे पैसे मिळालेच नसते. त्यात स्वतःच्या गाडीचं नुकसान येत नाही. दोन दाव्यांसाठी दोन वेगळे फोल्डर केले, पण पडलेल्या पत्र्याचे फोटो दोन्हीत टाकले.

वेळेची नोंद कशी पुसली जाते

कॅमेऱ्याने काढलेल्या फाइलचं नाव बऱ्याच मोबाइलवर असं असतं: `IMG_20250521_183412.jpg`. यात तारीख आहे, वेळही आहे, आणि फाइलच्या आत तीच नोंद लोकेशनसह असते. तोच फोटो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की समोरच्याकडे `IMG-20250521-WA0007.jpg` अशा नावाने पोहोचतो. आकार घटलेला असतो, आतली वेळ आणि जागेची नोंद गेलेली असते. ताईंच्या मुलाने सगळे फोटो घरच्या ग्रुपवर टाकून स्वतःच्या मोबाइलमधून कंपनीला पाठवायची तयारी केली होती. ते थांबवलं. व्हॉट्सॲपवरून पाठवायचेच असतील तर `Document` हा पर्याय निवडून पाठवा, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी जाते. ईमेलने जोडून पाठवलेलीही चालते. स्क्रीनशॉट मात्र नको, त्यावर स्क्रीनशॉट घेतल्याची वेळ येते.

फोटोवर तारीख आणि पत्ता छापणारी ॲप्स आहेत. ती वापरायला हरकत नाही, पण छापलेली पट्टी फोटोचा काही भाग झाकते. म्हणून प्रत्येक ठिकाणी एक छापलेला आणि एक साधा असे दोन्ही घ्या. मूळ फोटो कापू नका, उजळ करू नका, त्यावर लाल गोल काढू नका. गोल काढायचाच तर प्रतीवर काढा. सोबत वहीच्या एका पानावर फोटोचा क्रमांक, कशाचा आणि कुठून काढला, इतकं लिहून ठेवा.

कंपनीला मात्र त्याच संध्याकाळी फोनवर कळवून दावा क्रमांक घ्या, फोटो पूर्ण व्हायची वाट बघू नका. घटनेची वेळ सांगताना पहिल्या फोटोची वेळ बघूनच सांगा. ताईंनी घाईत "रात्री आठला" सांगितलं होतं आणि पहिला फोटो होता 6 वाजून 34 मिनिटांचा. दुसऱ्या दिवशी ईमेल करून वेळ दुरुस्त करून घेतली. फुटलेली टाकी आणि दोन्ही पत्रे सर्व्हेअर बघून जाईपर्यंत भंगारवाल्याला दिले नाहीत, आणि मूळ फोटो पैसे खात्यात येईपर्यंत मोबाइलमधून काढले नाहीत.