पंधरा दिवसांचं कर्ज पुढे ढकलताय? आधी हा हिशेब करा

महाद्वार रोडवर बांगड्यांचं दुकान असलेल्या आमच्या वहिनींनी पंधरा दिवसांसाठी १०,००० रुपये घेतले. ६०० फी आधीच कापून हातात ९,४०० आले. मुदत संपली की पुन्हा ६०० भरायचे आणि पंधरा दिवस वाढवायचे. "सहाच टक्के की ओ," असं त्या म्हणायच्या. वहीच्या मागच्या पानावर ६०० पाचदा लिहिलेले दिसले. अडीच महिन्यांत ३,००० गेले आणि देणं अजून पुरतं १०,०००! फीतून मुद्दल एक रुपयानंही फिटत नाही.

वर्षाचा दर असा काढा:

१. ३६५ ला मुदतीच्या दिवसांनी भागा: ३६५ ÷ १५ = साधारण २४.३ वेळा.
२. त्याला फीने गुणा: सुमारे १४,६०० रुपये.
३. हातात आलेल्या रकमेने भागून १०० ने गुणा: १४,६०० ÷ ९,४०० × १०० = सुमारे १५५ टक्के.

भागताना कागदावरचे १०,००० धरू नका, दर कमी दिसतो. फीवर जीएसटी लागत असेल तर तोही फीत मिळवा.

मुदत वाढवण्याआधी थोडं तरी मुद्दल भरून घेतील का आणि मग फी कमी होईल का, हे विचारा. नाही म्हणाले, तर बँकेतल्या सोनेतारण कर्जाचा दर याच रीतीने काढून शेजारी लिहा.