राइस कुकरमध्ये अंडी उकडताना घड्याळ कधी लावायचं

शेगडी नाही, गॅस नाही, फक्त एक राइस कुकर किंवा विजेवरचं इडलीपात्र आहे. एवढ्यावर अंडी उत्तम उकडता येतात. पण या विषयावरचे निम्मे सल्ले एकाच चुकीच्या समजुतीवर उभे आहेत: बटण दाबा, कुकर बंद होऊन खटका पडला की अंडी तयार.

तसं होत नाही, कारण साध्या कुकरला अंड्याचा पत्ताच नसतो. त्याच्या बुडाशी मधोमध स्प्रिंगवर बसलेली एक चकती असते. ती भांड्याच्या तळाचं तापमान बघते. भांड्यात पाणी आहे तोवर तळ 100 अंशांच्या आसपासच राहतो. पाणी संपलं की तळ त्याहून तापतो आणि खटका पडतो. भातासाठी हे अगदी बरोबर आहे, कारण पाणी आटणं आणि भात शिजणं एकाच वेळी होतं. अंड्याला मात्र पाणी पीत बसायचं नसतं. त्यामुळे खटका पडला याचा अर्थ पाणी संपलं, एवढाच.

‘अर्धा कप पाणी घाला, कुकर बंद झाला की अंडी काढा’ हा सल्ला म्हणूनच मला पटत नाही. ज्याने सांगितला त्याच्या कुकरवर तो बरोबर असेलही. पण साधा हिशेब करा. 700 वॅटचा कुकर उकळी आल्यावर मिनिटाला फार तर 18 मिली पाणी उडवू शकतो, 300 वॅटचा छोटा कुकर जेमतेम 8 मिली. म्हणजे उकळी आल्यावर 120 मिली पाणी एकात सात मिनिटांत संपेल आणि दुसऱ्यात पंधरा मिनिटं टिकेल. पहिल्यात बलक वाहता राहील, दुसऱ्यात कोरडा ठणठणीत होईल. त्यात झाकण किती घट्ट बसतं आणि त्यावर जमलेलं पाणी किती परत गळतं, हा फरक वेगळाच. तेव्हा पाणी भरपूर घाला आणि वेळ घड्याळावर मोजा.

भांड्यात पावणेदोन कप, म्हणजे 400 मिलीच्या आसपास पाणी घ्या. वर कुकरसोबत आलेली वाफेची जाळी ठेवा. पाणी जाळीला लागता कामा नये. छोट्या भांड्यात लागत असेल तर थोडं कमी घ्या. जाळी नसेल तर इडली स्टँडची एकच थाळी वापरा. मला तर तीच जास्त आवडते, कारण खळग्यात अंडं नीट बसतं, घरंगळत नाही. मधल्या दांडीमुळे झाकण लागत नसेल तर दांडी काढा आणि थाळी पालथ्या वाटीवर ठेवा. भांड्याला नॉनस्टिक लेप असेल तर स्टील तळाशी घासू देऊ नका.

आता अंडी आत ठेवू नका. झाकण लावून कुकर चालू करा आणि थांबा.

बहुतेकांचं गणित चुकतं ते इथे, आणि मलाही सगळ्यात जास्त छळलं ते याच टप्प्याने. थंड पाण्यावर अंडी ठेवून कुकर लावला तर पाणी तापायला कधी चार मिनिटं लागतात, कधी दहा. तेवढा वेळ अंडं कोमट हवेत बसून राहतं आणि कुठून मोजायचं तेच कळत नाही. शिवाय हळूहळू तापलेल्या अंड्याचा पांढरा भाग आतल्या पापुद्र्याला चिकटून बसतो. सोलताना टरफलाबरोबर अर्धं अंडं जातं ते त्यामुळे. एकदम कडक वाफेत गेलेलं अंडं सहज सुटतं. सोडा, मीठ, व्हिनेगर हे सगळे उपाय मी याच्यासमोर दुय्यम मानतो.

झाकणाच्या भोकातून वाफेची सरळ, न थांबणारी धार येऊ लागली की झाकण उघडा. उघडताना झाकण स्वतःच्या दिशेला नको, पलीकडे कलतं करा. वाफेचा चटका उकळत्या पाण्याइतकाच वाईट असतो. चिमट्याने किंवा डावाने अंडी ठेवा आणि लगेच झाकण लावा.

वाफ आता बंद होईल. घाबरू नका. गार अंड्यांवर वाफ जमून तिचं पाणी होतंय, म्हणून बाहेर काही येत नाही. मोठ्या कुकरमध्ये ती मिनिटाभरात परत येते, पण 300 वॅटच्या कुकरमध्ये फ्रिजमधली चार अंडी ठेवली तर तीन-चार मिनिटंही लागतील. घड्याळ लावायचं ते वाफेची धार परत आल्यावर, झाकण लावल्याक्षणी नाही. एवढं पाळलं की कुकर लहान असो वा मोठा, दोन अंडी असोत वा सहा, वेळ जवळपास तीच राहते.

मध्यम आकाराच्या अंड्याला तिथून सहा मिनिटं दिली की बलक वाहता राहतो, आठ मिनिटांत मऊ पण धरून राहणारा होतो आणि अकरा मिनिटांत पूर्ण घट्ट. लहान मुलं, गरोदर बाई किंवा आजारी माणूस खाणार असेल तर अकराच. पहिल्या वेळी एक अंडं फोडून बघा आणि तुमच्या कुकरसाठी एखादं मिनिट पुढेमागे करा. त्यानंतर तो आकडा बदलायची गरज पडणार नाही.

मध्येच खटका पडला तर पाणी संपलंय. बटण बोटाने दाबून धरू नका. गरम पाणी ओता आणि मग चालू करा. ‘वॉर्म’वर अंडी ठेवून कामाला जाण्याचा सल्लाही सोडून द्या. तिथे कच्चं अंडं भरवशाने शिजत नाही आणि शिजलेल्याच्या बलकाभोवती हिरवट-करडं कडं येतं. बलकातलं लोह आणि पांढऱ्यातलं गंधक यांचं ते कडं. अपाय काही नाही, पण वास आणि चव दोन्ही बिघडतात.

वेळ झाली की अंडी गार पाण्यात टाका आणि पाणी एकदा बदला. रुंद टोकाकडून सोला, कारण हवेची पोकळी तिथे असते. अगदी ताजी अंडी काही केलं तरी त्रास देतात. आठवडाभर जुनी घ्या.

भात शिजत असताना वर अंडी ठेवायची की नाही? मी ठेवत नाही. अंडी वेळेवर ठेवायला-काढायला झाकण उघडलं की भाताची वाफ जाते आणि न उघडावं तर अंडी वीस-पंचवीस मिनिटं शिजून रबरी होतात.

इडलीच्या साच्यात अंडं फोडून शिजवायचं असेल तर आधी थाळी उजेडासमोर धरा. बऱ्याच थाळ्यांना बारीक भोकं असतात आणि पांढरा भाग त्यातून सरळ खाली पाण्यात जातो. अशा थाळीत कापड घालायची युक्ती करू नका, अंडं कापडाला चिकटतं. त्याऐवजी तेल लावलेल्या छोट्या वाट्या ठेवा. भोकं नसलेली थाळी असेल तर खळग्याला सढळ हाताने तेल लावा. फेटलेल्या अंड्यात कांदा-मिरची घातली तर खळगा पाऊणच भरा, कारण ते फुगतं. वर एक ताटली पालथी ठेवा, नाहीतर झाकणाचं पाणी अंड्यावर ठिबकत राहतं. वाफेच्या धारेनंतर आठ मिनिटांनी मधोमध सुरी घालून बघा. ओली निघाली तर आणखी दोन मिनिटं.