शॉट पीनिंग करूनही स्प्रिंग का तुटते? या चुका टाळा

शॉट पीनिंग म्हणजे धातूच्या पृष्ठभागावर बारीक गोल छर्रे जोरात मारणं. अशी पीनिंग केलेली स्प्रिंग लवकर तुटली की आधी तुटलेला भाग हातात घ्या आणि तडा कुठून सुरू झाला ते भिंगातून बघा. बहुतेक वेळा तो कॉइलच्या आतल्या बाजूला, अगदी पृष्ठभागावर सुरू झालेला दिसतो.

दाबल्या जाणाऱ्या स्प्रिंगच्या तारेत सर्वात जास्त ताण तिथेच असतो. फटीगचा, म्हणजे वारंवार भार पडून येणारा, तडा ताणामुळे उघडतो. गोल छर्रे आदळल्यावर वरचा पातळ थर पसरू पाहतो, खालचा धातू त्याला पसरू देत नाही, आणि तो थर कायमचा दाबाखाली राहतो. समजा, बाहेरच्या भारामुळे पृष्ठभागावर 600 मेगापास्कल ताण येतो आणि पीनिंगचा 400 चा दाब तिथे आधीच आहे. मग तडा उघडायला उरतात फक्त 200. छर्रे पोचलेच नाहीत, तर पूर्ण 600.

पहिली चूक इथेच होते. बाहेरून स्प्रिंग छान मॅट दिसते म्हणून ती पास होते, पण वेढे जवळजवळ असतील तर आतली बाजू कोरी राहते. नमुन्याची एक स्प्रिंग कापा आणि 10 पट भिंगातून आत खळगे एकमेकांना भिडलेत का ते पाहा.

दुसरी चूक वेळेची. पीनिंगचा मारा मोजायला आल्मेन पट्टी वापरतात, ही स्टीलची पातळ पट्टी छर्र्यांच्या माऱ्याने वाकते. तिच्या वाकाची वाचनं अशी आली समजा: 1 मिनिटाला 0.22 मिमी, 2 ला 0.30, 4 ला 0.36, 8 ला 0.38. वेळ दुप्पट करूनही वाक 10 टक्क्यांहून जास्त वाढत नाही, तिथे पट्टी संपृक्त झाली असं मानतात. 2 वरून 4 वर जाताना वाढ 20 टक्के आहे, 4 वरून 8 वर जाताना 6 टक्क्यांहून कमी. म्हणजे 4 मिनिटं. पण ही वेळ पट्टीची झाली, स्प्रिंगची नव्हे! स्प्रिंग पट्टीपेक्षा कडक असेल तर खळगे लहान पडतात आणि पृष्ठभाग पूर्ण झाकायला जास्त वेळ लागतो.

तिसरी चूक मला सर्वात जास्त खटकते, कारण ती केलेलं काम पुसून टाकते. वळवल्यानंतरचं ताणमुक्तीचं तापवणं पीनिंगच्या आधीच उरकायला हवं. साध्या कार्बन स्टीलच्या स्प्रिंगला पीनिंगनंतर साधारण 200 ते 220 अंश सेल्सिअस चालतं. त्याच्या बरंच वर गेलात तर साठवलेला दाब सैल पडतो. खळगे मात्र तसेच दिसतात, त्यामुळे डोळ्यांना काहीच कळत नाही. अशा वेळी भट्टीची नोंद तपासा.

गिअरमध्ये हीच गोष्ट दाताच्या मुळाशी घडते. तिथल्या गोलाईच्या त्रिज्येच्या निम्म्याहून मोठ्या व्यासाचा छर्रा वापरू नका, तो कोपऱ्यात नीट बसत नाही. कार्बुराइज केलेल्या, म्हणजे पृष्ठभागात कार्बन मुरवून कडक केलेल्या, दाताला छर्रेही तितकेच कडक लागतात. मऊ छर्रे स्वतःच चपटे होतात. पीनिंगनंतर मुळाशी ग्राइंडिंग केलं, तर दाबाखालचा थरच निघून जातो.

आणि तडा पृष्ठभागाखाली एखाद्या अशुद्धीच्या कणापासून सुरू झालेला दिसला, तर पीनिंग वाढवून उपयोग नाही. तिथे स्टील बदलावं लागतं.